मिस्ट, टोनर, इसेन्स: तीन बाटल्यांपैकी कोणती ठेवायची, हे मी कसं ठरवलं

माझा चेहऱ्याचा रोजचा क्रम साधा आहे. सकाळी फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. मी पुण्यात बँकेच्या शाखेत काउंटरवर बसते, एसीचा झोत बरोबर डोक्यावर येतो. त्वचा कोरडीकडे झुकणारी, नाकाच्या दोन्ही बाजूंना मात्र दुपारपर्यंत तेल. चाळिशीनंतर गालांवर थोडा वांगही दिसायला लागला आहे.

यंदा संक्रांतीला नणंदेने तिळगुळाबरोबर तीन बाटल्या हातात ठेवल्या: एक फेशियल मिस्ट, म्हणजे चेहऱ्यावर फवारायचं पाणी, एक टोनर, म्हणजे तोंड धुतल्यावर लावायचं पातळ द्रव, आणि एक कोरियन इसेन्स, तसंच मॉइश्चरायझरच्या आधी लावायचं द्रव. "वहिनी, एवढं तरी लावत जा गं, तीन थेंबांचं काम आहे," असं म्हणाली. प्रेमाने दिलेली वस्तू, त्यामुळे कपाटात पडून राहू द्यायची नव्हती. पण सकाळी डबे, मुलीची शाळा आणि सव्वानऊची बस हे सगळं सांभाळून आणखी तीन पायऱ्या वाढवायच्या, तर त्या खरंच काही करतात का, हे मला आधी कळायला हवं होतं. मिस्ट 100 मिली 599 रुपये, टोनर 150 मिली 449, इसेन्स 100 मिली 1,299. संपल्यावर हा खर्च माझ्याच खिशातून होणार होता.

सुरुवात लेबल वाचण्यापासून केली. मिस्टच्या बाटलीवर तर दोनच घटक होते, झऱ्याचं खनिजयुक्त पाणी आणि ते फवारायला नायट्रोजन. टोनरवर क्रमाने पाणी, ग्लिसरीन, पँथेनॉल, सोडियम हायल्युरोनेट, फिनॉक्सीइथेनॉल आणि पुढे बारीकसारीक. सुगंध नाही, अल्कोहोल नाही. इसेन्सच्या लेबलने मात्र वेळ खाल्ला. बाहेरून आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनाची आपल्याकडे आधी नोंदणी करावी लागते, आणि आयातदाराचं नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक बाटलीवर असावा लागतो. तसा स्टिकर होता, पण तो चिकटवला होता नेमका मूळ घटकयादीवर. हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर दिली, कोपरा नखाने हळूच उचलला, तेव्हा खालची यादी दिसली: पाणी, ब्युटिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, नायसिनामाइड, गॅलॅक्टोमायसिस या यीस्टचं आंबवलेलं गाळीव, मग पँथेनॉल, मग फिनॉक्सीइथेनॉल.

घटकयादी वाचताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. आपल्या 2020च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे यादीत ते जिथे येतं, तिथून पुढचे सगळे घटक एक टक्का किंवा त्याहून कमी, असं धरायला हरकत नाही. बाटलीच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात मिरवणारं फूल किंवा फळ कित्येकदा या नावाच्या बरंच खाली सापडतं. याउलट जे आधी लिहिलंय ते सगळं एक टक्क्याच्या वरच असेल, असं मात्र नाही, कारण शेवटच्या टप्प्यात क्रम मोकळा असतो.

डाग फिके करायला वापरतात ते नायसिनामाइड इसेन्समध्ये किती टक्के आहे, हे कळलं असतं तर निर्णय सोपा झाला असता. आयातदाराच्या ग्राहकसेवेला मेल केला, बॅच नंबर आणि बिलाचा फोटो जोडून. चार दिवसांनी तक्रार क्रमांक आला, खरं तर मी तक्रार केलीच नव्हती. मग आठवडाभर काहीच नाही. पुन्हा आठवण केल्यावर उत्तर आलं की प्रमाण ही कंपनीची अंतर्गत बाब आहे. टोनरवाल्या कंपनीला पीएच विचारला होता. त्यांचं उत्तर तुलनेने लवकर आलं, 5.5. तुम्हाला असं काही विचारायचं असेल तर प्रश्न एकच आणि नेमका विचारा, म्हणजे ठरावीक आभाराच्या उत्तरात तो बुडत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचंच होतं, तेव्हा तिन्ही बाटल्यांचे फोटो घेऊन गेले. तपासणी फी 800 रुपये. वेळ साडेसहाची होती, आत जायला आठ वाजले. डॉक्टरबाईंनी फोटो बघितले आणि आधी विचारलं, "चेहरा कशाने धुता? साबणाने की फेसवॉशने?" टोनरचा प्रश्न तिथूनच सुरू होतो, असं त्या म्हणाल्या. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. अंगाचा नेहमीचा साबण नऊ-दहाच्या घरातला. पूर्वी तोंड साबणानेच धुतलं जायचं, मागे साबणाचा थर राहायचा आणि त्वचा ताणायची. तो थर पुसायला आणि आम्लता परत आणायला टोनर उपयोगी होता. त्वचा स्वतःही ती परत आणते, फक्त तिला काही तास लागतात. ज्यांचा फेसवॉश मुळातच सौम्य आहे, त्यांच्या बाबतीत हे कामच उरत नाही.

त्यांनी आणखी एक बजावलं. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेल्या बाटलीवरही टोनरच लिहिलेलं असतं, पण ती मृत पेशी काढणारी गोष्ट आहे, तिचा हिशोब वेगळा. वांग असलेल्या त्वचेवर ती मनाने सुरू करायची नाही, जळजळ झाली तर डाग आणखी गडद होतात. माझा टोनर त्यातला नव्हता. इसेन्सबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "नायसिनामाइड चांगलंच आहे, पण ते मॉइश्चरायझरमध्येही मिळतं. तुम्हाला वांगासाठी पैसे घालायचे तर सनस्क्रीनमध्ये घाला, आणि पुरेसं लावा." चेहरा आणि मानेला साधारण सव्वा ग्रॅम, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा. त्या हिशोबाने 50 ग्रॅमची ट्यूब सव्वा महिन्यात संपायला हवी. माझी तीन महिने पुरत होती. शिवाय वांगासाठी त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन सुचवलं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो.

घरी येताना औषधाच्या दुकानातून पीएचच्या पट्ट्या घेतल्या, दीडशे रुपये. आमचा अंगाचा साबण पाण्यात फेसाळून पट्टी बुडवली तर ती गडद निळसर, नऊ-दहाच्या मधली. माझा फेसवॉश पाच आणि सहाच्या मध्ये. नळाचं पाणी सातच्या थोडं वर. म्हणजे पीएचसाठी मला टोनर लागत नव्हता. घरात यजमान आणि सासूबाई तोंडाला साबणच लावतात. त्यांना टोनर देण्यापेक्षा सासूबाईंसाठी सौम्य फेसवॉश आणला, आणि दोनच आठवड्यांत त्यांच्या गालांवरचं पांढरट कोंड्यासारखं निघणं थांबलं.

टोनरचं दुसरं काम म्हणजे उरलेली घाण काढणं. पार्लरमध्ये चेहरा धुऊन झाल्यावर टोनरचा कापूस फिरवतात आणि तो मळकट झालेला आपल्याला दाखवतात, ते बघून कुणालाही टोनर हवासा वाटेल. मी रात्री नेहमीसारखा चेहरा धुऊन कापूस फिरवला, तर तो खरंच पिवळट तपकिरी झाला. दुसऱ्या रात्री फेसवॉश पूर्ण मिनिटभर चोळला, केसांच्या कडेला आणि जबड्याखालीही, आणि पुन्हा एकदा धुतलं. मग कापूस फिरवला, तर जवळजवळ पांढरा. तो रंग त्या रंगीत सनस्क्रीनचा होता. सनस्क्रीन लावणाऱ्यांनी रात्री नीट दोनदा धुतलं की हे कामही संपतं. कापसाची आणखी एक अडचण म्हणजे टोनरचा मोठा भाग तोच पिऊन टाकतो. लावायचाच तर तळहातावर घेऊन गालांवर दाबायचा.

आता उरला ओलाव्याचा प्रश्न, आणि तिन्ही बाटल्यांवर ठळक लिहिलेला दावा तोच होता. या तिन्ही गोष्टी मुख्यतः पाणी आहेत. पाणी चेहऱ्यावर टिकत नाही, उडून जातं. मग पाणी गेल्यावर मागे काय राहतं, ते बघावं असं मनात आलं. सोनार वापरतात तसा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन 380 रुपयांना मिळाला. पाच छोट्या स्टीलच्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीच्या तळाला नंबर चिकटवला आणि रिकामं वजन लिहून ठेवलं. एकीत 5 ग्रॅम मिस्ट, दुसरीत 5 ग्रॅम टोनर, तिसरीत इसेन्स, चौथीत माझं नेहमीचं मॉइश्चरायझर पातळ पसरून, आणि पाचवीत नळाचं पाणी. वर मलमलचा तुकडा टाकून सगळ्या फ्रिजवर ठेवल्या. तो एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारी हवा एवढी कोरडी की दोरीवरचा टॉवेल तासाभरात कडक होत होता.

मिस्टची वाटी दुसऱ्याच दिवशी कोरडी. उजेडात तिरकी धरली तर तळाला पांढरट वर्तुळ दिसत होतं, अगदी नळाच्या पाण्याच्या वाटीत होतं तसंच. काट्यावर दोन्ही शून्य. टोनर आणि इसेन्सला वेळ लागला. वजन उतरायचं थांबलं तेव्हा टोनरच्या वाटीत 0.31 ग्रॅम उरलं होतं आणि इसेन्सच्या वाटीत 0.43. दोन्हीकडे बोट लावलं तर पारदर्शक, चिकट थर. मॉइश्चरायझरच्या वाटीत 1.46 ग्रॅम, मेणचट आणि पांढरं.

हे आकडे चेहऱ्यावर आणून बघितले. एका वेळी मी साधारण 1 ग्रॅम टोनर लावते, त्यातलं 0.06 ग्रॅम मागे राहणार. इसेन्सचं 0.09 च्या आत. तेवढ्याच मॉइश्चरायझरचं 0.29 ग्रॅम, आणि त्यात पाणी अडवून धरणारे तेल-मेणाचे पदार्थही आहेत, ते या दोन बाटल्यांमध्ये नाहीत. मिस्टचं काहीच नाही. या प्रयोगाची मर्यादाही सांगते. नायसिनामाइडसारखा घटक थोडा असूनही काम करू शकतो, ते काट्यावर कळत नाही, आणि ब्युटिलीन ग्लायकॉल हळूहळू उडून जातं. पण ओलावा देण्याचा दावा तपासायला हे पुरेसं होतं.

वाट्या मी लगेच धुतल्या नाहीत, त्यामुळे एक गोष्ट अनायासे दिसली. महिन्याच्या मध्यात वळवाचा मोठा पाऊस झाला. त्या संध्याकाळी टोनरची वाटी सहज काट्यावर ठेवली तर 0.38 ग्रॅम! दोन दिवसांनी हवा पुन्हा कोरडी झाल्यावर परत 0.32. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, हे वाचलेलं होतं. इथे ते डोळ्यांसमोर वजनात दिसलं. हवेत दमटपणा असेल तर ते जास्त पाणी धरतं, कोरड्या हवेत कमी. म्हणूनच टोनर किंवा इसेन्स लावून चेहरा तसाच उघडा ठेवला की एसीत थोड्या वेळाने ताणल्यासारखं वाटतं. वर मॉइश्चरायझर हवंच.

खरी परीक्षा चेहऱ्यावरच करायची होती. त्याआधी प्रत्येक गोष्ट कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावली. खाज किंवा लाली काही आली नाही. वांग किंवा पुरळ असलेल्यांनी ही पायरी अजिबात गाळू नये, कारण काही घटकांची प्रतिक्रिया तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते.

मग अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग. एका गालाला वस्तू लावायची, दुसऱ्याला नाही, बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. ऋतू, झोप, पाळी, एसी या सगळ्याचा परिणाम दोन्ही गालांवर एकसारखाच होतो, त्यामुळे फरक पडला तर तो त्या वस्तूचाच. "आधी आणि नंतर"चे फोटो मी काढले नाहीत, कारण खिडकीतला उजेड रोज बदलतो आणि फोन स्वतःच चेहरा गुळगुळीत करतो. त्याऐवजी माझी नववीतली मुलगी रोज सकाळी, मी तोंड धुण्याआधी, डोळे मिटून माझ्या दोन्ही गालांवरून बोटांची पाठ फिरवायची आणि कोणता मऊ ते वहीत लिहायची. कुठल्या गालाला काय लावलंय, हे तिला सांगितलं नव्हतं. ठरवता आलं नाही तर "सारखे" लिहायचं. तिने हे काम इतकं मनापासून केलं की परीक्षेच्या दिवशीसुद्धा "आई, थांब, गाल राहिले," म्हणून मला मोरीच्या दारात अडवलं.

मिस्टसाठी मी हे टिपण संध्याकाळी, शाखेतून आल्यावर ठेवलं, कारण ती दिवसा वापरायची वस्तू. उजव्या बाजूला चार फवारे, दिवसातून तीनदा. फवारल्यावर छान गार वाटतं, आणि ते खरं आहे, पाणी उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. पण पाच-सात मिनिटांत तो गाल आधीइतकाच, कधी आधीपेक्षा जास्त ताणलेला वाटायचा. वहीत उजवा आणि डावा यांची नुसती सरमिसळ होती. आणखी एक नुकसान आरशात दिसलं. सनस्क्रीनवर पाण्याचे थेंब पडून सुकले की तिथे बारीक ठिपके उमटायचे, आणि टिश्यूने टिपलं तर टिश्यूवर सनस्क्रीनचा रंग यायचा. ज्या दुपारी मला सनस्क्रीन पुन्हा लावायला हवं, त्याच दुपारी मी असलेलं पुसत होते. खर्चाचाही हिशोब केला. दहा फवाऱ्यांनी बाटलीचं वजन 1.2 ग्रॅमने उतरलं, म्हणजे दिवसाला दीड ग्रॅमच्या आत-बाहेर, साडेआठ रुपये रोज. फवारून लगेच वर मॉइश्चरायझर लावलं तर पाणी अडकून राहील, असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण मग तोंड धुतल्यावर टॉवेलने खसाखसा न पुसता नुसतं टिपून, ओलसर चेहऱ्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावणं हे तेच आहे, आणि फुकट आहे. मिस्टचा निकाल मार्चअखेरच लागला होता.

एप्रिलभर टोनर. रात्री डाव्या गालावर टोनर आणि वर मॉइश्चरायझर, उजव्यावर कोरड्या त्वचेवर नुसतं मॉइश्चरायझर. पहिल्या आठवड्यानंतर वहीत बहुतेक सकाळी "डावा" दिसायला लागला. मला स्वतःलाही नाकपुडीच्या बाजूची साल निघणारी जागा डावीकडे शांत वाटत होती. मग प्रयोग जरा अवघड केला: उजवा गालही पाण्याने ओलसर ठेवून त्यावर मॉइश्चरायझर लावायला लागले. फरक बराच कमी झाला. "सारखे" वाढले, तरी "डावा" उरलाच. म्हणजे टोनरमुळे मिळत होतं त्यातलं बरंचसं श्रेय ओल्या चेहऱ्याचं होतं, आणि थोडं ग्लिसरीनचं. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं, आणि कोरड्या महिन्यांत त्या थोड्यासाठी रात्रीचे तीन रुपये मला परवडतात.

मे महिन्यात टोनर आणि इसेन्स आमनेसामने, डावीकडे टोनर, उजवीकडे इसेन्स. नणंद सुट्टीत आली होती, तिला हा भाग फार आवडला. पैज इसेन्सवर होती तिची. इसेन्स लावताना खरंच सुखद असतं, रेशमी पसरतं, लगेच मुरल्यासारखं वाटतं. पण महिनाभर वहीत सरळ "सारखे, सारखे" येत राहिलं. रंगाच्या बाबतीत नायसिनामाइडचा परिणाम दिसायला आठ-बारा आठवडे द्यायला हवेत, तेवढा वेळ मी इसेन्सला दिला नाही. कारण तोपर्यंत मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून 5 टक्के नायसिनामाइड लिहिलेलं मॉइश्चरायझर आणलं होतं, 50 ग्रॅम 420 रुपये. प्रमाण छापलेलं आहे आणि पायरी वाढत नाही. त्याच्यापुढे प्रमाण न सांगणारी, रात्रीला तेरा रुपयांची बाटली पुन्हा घ्यायला मला कारण सापडलं नाही. नणंदेला मी वही दाखवली. ती म्हणाली, "मला मात्र ते लावायला आवडतं, वहिनी," आणि ते तिच्यासाठी पुरेसं कारण आहे. तिची त्वचा तेलकट आहे, ती मुंबईत राहते, मॉइश्चरायझर तिला जड होतं. घामाच्या हवेत ती इसेन्सवर थेट सनस्क्रीन लावते आणि तेच तिचं मॉइश्चरायझर ठरतं. उरलेली बाटली तीच घेऊन गेली.

जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर टोनरचा अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग पुन्हा दहा-बारा रात्री केला. या वेळी वहीत काहीच फरक नाही. हवाच ओली, तर त्या थोड्या ग्लिसरीनचं वेगळं काही जाणवत नाही. उलट नाकाच्या बाजूला चिकट वाटायला लागलं. टोनर थांबवला.

तर सध्या क्रम असा आहे: रात्री दोनदा धुणं, टिपलेल्या ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर. सकाळी मॉइश्चरायझरनंतर दोन बोटं भरून रंगीत सनस्क्रीन. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रात्रीच्या क्रमात टोनर मध्ये येईल, आणि मे अखेरपर्यंत राहील. तुमची त्वचा साबणाने ताणत असेल तर आधी साबण बदलून बघा. रेटिनॉइड किंवा मुरुमांची कोरडं करणारी औषधं चालू असतील तर टोनरचा उपयोग माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त वाटू शकतो, पण सुगंध आणि अल्कोहोल नसलेला घ्या.

काही जणींनी विचारलं की आजीच्या वेळचं ग्लिसरीन-गुलाबपाणीच बाटलीत भरून मिस्ट म्हणून वापरलं तर. ग्लिसरीनचं काम तेच आहे, शंका नाही, आणि औषधाच्या दुकानात ते टोनरच्या तुलनेत फारच स्वस्त पडतं. पण घरी मिसळून आठवडेच्या आठवडे ठेवू नका. पाणी आलं की त्यात टिकवणारा घटक लागतो, नाहीतर जंतू वाढतात, आणि फवाऱ्याच्या नळीत ते दिसतही नाहीत. आजीही तळहातावर गुलाबपाणी घेऊन त्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकायची आणि तेवढंच लगेच लावायची. तसं करा, आणि वर मॉइश्चरायझर लावा.

टोनरच्या बाटलीवर उघड्या डबीचं चिन्ह आणि 12 एम लिहिलं आहे, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मी तळाला पेनाने उघडल्याची तारीख टाकून, झाकण घट्ट लावून, मोरीतून काढून कपाटात ठेवली आहे. पुढच्या मार्चपर्यंत ती संपली नाही तर टाकून देणार आहे.